चेक वटला की ट्रेसिंग

आमच्या घरी पाहुणे जमले की ही हकिकत सांगायचं काम माझ्याकडे येतं. हिला सांगायला सांगितलं तर ती दोन वाक्यांत संपवते, आणि त्या दोन्ही वाक्यांत मी बावळट ठरतो. मी सांगतो तेव्हाही ठरतोच, पण निदान सावकाश ठरतो.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी पेटली होती, पण गाव अजून उभं राहायचं होतं. सेक्टरामागून सेक्टर क्वार्टर बांधले जात होते. एकेका ठेकेदाराकडे चाळीच्या चाळी, आणि काम संपलं की त्याला खात्याकडे शेवटच्या बिलासोबत एक नकाशांचा संच द्यावा लागे. बांधायला दिलेले नकाशे वेगळे आणि हे वेगळे. भिंत, नाली, चेंबर, सगळं प्रत्यक्षात जसं बांधलं गेलं तसंच त्यात दाखवायचं. हा संच शाईनं कापडी ट्रेसिंगवर, म्हणजे खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर, काढलेला लागे, आणि तो दाखल झाल्याशिवाय बिल पुढे सरकत नसे.

हे नकाशे मी काढत असे. आधी एका मोठ्या फर्ममध्ये ट्रेसर होतो. ती नोकरी सोडून दुर्गात स्टेशनकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, पुढच्या खोलीत ड्रॉइंगचं टेबल मांडलं आणि दारावर पाटी लावली. सासऱ्यांनी पाटी वाचली, टेबलाकडे पाहिलं, आणि फर्मवाले परत घेतील का, एवढंच विचारलं. पहिलंच मोठं काम बुडालं. त्या ठेकेदारानं ट्रेसिंग नेली, बिल काढलं आणि माणसं-मशिनरी घेऊन दुसऱ्या प्रांतात निघून गेला. नागपूरच्या कागदवाल्याची उधारी थकली. आणखी एक काम असं गेलं असतं तर पाटी उतरवून पुन्हा फर्मच्या दारात उभं राहावं लागलं असतं. सासऱ्यांना मग विचारायचीही गरज उरली नसती.

दुसरं मोठं काम आलं ते हिच्या माहेरच्या गावच्या ठेकेदाराकडून. नात्यानं लांबचे, पण ही त्यांना मामा म्हणे आणि ते मला जावईबापू म्हणत. आता जावईबापू म्हणणाऱ्या माणसापुढे पैशाच्या अटी कशा मांडायच्या? मी मांडल्याच नाहीत. थोडी उचल घेतली आणि बाकीचं "होऊन जाईल" म्हणालो.

काम मात्र जीव लावून केलं. मापं त्यांच्या मिस्त्रीसोबत जागेवर जाऊन घेतली. ट्रेसिंगच्या कापडाला पाण्याचा थेंब चालत नाही, घामाचासुद्धा नाही, म्हणून मनगटाखाली फडकं बांधून रेघा मारल्या. अक्षरं हिनं लिहिली. तिचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ, हे मी तेव्हाही मान्य करत होतो, फक्त गिऱ्हाइकासमोर नाही. मग काचेच्या चौकटीत ट्रेसिंगखाली निळा कागद घालून उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा, आणि निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या की तो प्रिंट दोरीवर वाळत घालायचा. शेजारीण म्हणे, "तुमच्या घरचे कपडे कमी अन् नकाशेच जास्त धुतले जातात."

संच तयार झाला. मामांचा निरोप आला, उद्या येऊन चेक देतो आणि ट्रेसिंग नेतो. चेक नागपूरच्या बँकेचा असणार. दुर्गातली बँक तो वसुलीला नागपूरला पाठवणार आणि पैसे जमा व्हायला आठवडा-दहा दिवस जाणार. तोवर ट्रेसिंग द्यायची की ठेवायची?

"ठेवायची," ही म्हणाली.

"मामांना काय सांगू?"

"हेच."

"त्यांना वाटेल, आपला त्यांच्यावर विश्वास नाही."

"मंग असं सांगा का तसं वाटनार नाई."

तिनं तिथल्या तिथे तालीम सुरू केली. ती बाजेवर मामांसारखी मांडी घालून बसली, पदराचं टोक उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं आणि घसा खाकरला. "बोला जावईबापू."

मी म्हणालो, "मामा, गैरसमज करून घेऊ नका, पण..."

"झाला गैरसमज! पुढं?"

"आधी एका ठेकेदारानं मला बुडवलं, म्हणून..."

"म्हंजे मी बी बुडवनार. उठतो मी."

"मामा, घरात जरा अडचण आहे..."

"भीक कावून मागून राहिले जी? काम केलं ना तुमी?"

शेवटी मी हात टेकले. "तूच सांग ना त्यांना. तुझे मामा आहेत."

ती बाजेवरून उतरली. "माझ्यावर नोका ढकलू. बायको देऊ देत नाई म्हनाल तर उद्यापासून पाटी माझ्या नावाची लावा." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "त्यांच्याबद्दल काई बोलूच नोका. आपल्या कामाबद्दल बोला. आपल्या ऑफिसचा रिवाज हाय म्हना. सगळ्यांले एकच."

"कोणतं ऑफिस? एक टेबल आहे आपल्याकडे!"

"मंग एका टेबलाचं ऑफिस. रिवाजाले किती टेबलं लागतात?"

दुसऱ्या दिवशी मामा आले. पांढरं धोतर, सिमेंटनं राखाडी झालेले बूट. हिनं चहा दिला. मी प्रिंटांची गुंडाळी उघडून एकेक पान दाखवलं. ते खूश झाले, खिशातून चेक काढून टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. "आना ट्रेसिंग."

रात्रभर घोकलेलं सगळं त्या हाताकडे पाहून पार उडालं. उरलं तेवढं बोललो.

"मामा, प्रिंटांचा हा पूर्ण संच आजच घेऊन जा. खात्याच्या इंजिनियर साहेबांना दाखवा, तपासून घ्या. त्यांनी काही दुरुस्ती सांगितली तर ती आम्ही करू, वेगळे पैसे नाहीत. ट्रेसिंग तयार आहे, तुमच्या नावाच्या नळीत घालून ठेवली आहे. चेक आजच बँकेत टाकतो. पैसे जमा झाल्याचं बँकेनं सांगितलं की त्याच दिवशी ट्रेसिंग तुमच्या साइटवर पोचेल. मी स्वतः आणून देईन. आमच्या ऑफिसचा रिवाज आहे, सगळ्यांसाठी एकच."

"ऑफिस?" मामांनी खोलीभर नजर फिरवली. दोरीवर एक प्रिंट आणि माझा लेंगा शेजारी शेजारी वाळत होते. "म्हंजे आमच्या चेकवर भरोसा नाई?"

इथे तालमीतलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी म्हणालो, "भरोसा नसता तर हे प्रिंट दिले असते का, मामा? सगळी मापं यात आहेत. कोणीही यावरून दुसरी ट्रेसिंग काढून घेईल. तुम्ही नाही काढणार, म्हणूनच देतोय."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. आतल्या दाराशी बांगड्या वाजायच्या थांबल्या, त्यावरून हिलाही ते नवीन असावं.

मामा उठले. प्रिंट काखेत मारले, उरलेला चहा तसाच ठेवला आणि गेले. हिनं कप उचलताना एवढंच म्हटलं, "बराबर बोलले." मला मात्र वाटलं, काम गेलं आणि हिचं माहेरही गेलं. चेक घेऊन बँकेत गेलो. कारकुनानं नेहमीप्रमाणे सांगितलं, नागपूरहून कळलं की सांगू.

चार दिवसांनी मामा पुन्हा दारात. चेकचं अजून काही कळलं नव्हतं. त्यांच्या हातात आमचाच प्रिंट होता आणि त्यावर लाल पेन्सिलीचा गोल. मागच्या नालीवरचं एक चेंबर खडक लागल्यामुळे बाजूला सरकवलं होतं. मिस्त्री आम्हाला ते सांगायचं विसरला आणि आम्ही जुन्या जागी दाखवलं. तपासताना इंजिनियर साहेबांच्या ते लक्षात आलं.

"आता?" मामा म्हणाले. त्या एका शब्दात मागच्या भेटीचा राग होता आणि थोडी काळजीही.

"आता बसा," मी म्हणालो. "समोरच करून देतो."

ट्रेसिंग टेबलावर पसरली. ब्लेडनं जुनी शाई खरवडली, अगदी हलक्या हातानं, कापडाला भोक पडू न देता. खरवडलेली जागा घोटून गुळगुळीत केली, नाहीतर शाई पसरते. मग नवं चेंबर, नव्या रेघा. अक्षरं लिहायला मी हिला हाक मारली, गिऱ्हाइकासमोर, पहिल्यांदाच. मामा स्टूल ओढून जवळ बसले. तिच्या हाताखालून अक्षरं उतरताना पाहून म्हणाले, "बाई, हे सगळं तू लिव्हतं? मले वाटे छापलेलं हाय."

"छापलेलं असतं तर मामा, खोडता आलं नसतं," ही म्हणाली.

ते हसले. दुरुस्तीचा नवा प्रिंट काढून, वाळवून हातात दिला. या वेळी मामांनी ट्रेसिंगकडे हात केला नाही. मी ती त्यांच्यादेखत पुन्हा नळीत घातली.

पुढच्या आठवड्यात दुपारी बँकेच्या कारकुनानं सांगितलं, पैसे जमा झाले. मी बँकेतून थेट घरी आलो. ही नळी घेऊन दारातच उभी. जेवायलासुद्धा थांबलो नाही, कारण त्याच दिवशी पोचवीन असा शब्द दिला होता. नळी पाठीला बांधली आणि सायकलनं निघालो. दुर्ग ते सेक्टर उन्हाचा रस्ता, वर ट्रकांची धूळ. साइटवर पोचलो तेव्हा मी ठेकेदाराकडे आलेला ड्राफ्ट्समन न वाटता सिमेंटचं पोतं वाटत असणार.

मामा सावलीत बसून भाकरी खात होते. नळी पाहून हातातला घास तसाच राहिला. "आजच? खबर तरी द्यायची जी, मानूस पाठवला असता."

"रिवाज आहे," मी म्हणालो. त्या वेळी तो शब्द तोंडात नीट बसला.

त्यांनी हात धुतले, एकेक ट्रेसिंग उलगडून पाहिली, मिळाल्याची सही दिली. मग खांबावर टांगलेल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बोट दाखवलं. "ह्या क्वार्टरच्या किल्ल्या पाहा. तपासनी होऊन सही होत नाई तवर मी तरी खात्याले कुठं देतो? साहेब किती का वळखीचा असंना. त्या दिवशी तुमच्या घरून निघालो, डोकं तापलं होतं. अर्ध्या रस्त्यात ह्या किल्ल्याच आठवल्या. मले कोनी म्हनत नाई का भरोसा नाई म्हनून." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसा. आधी भाकर खा. धुळीनं पांढरे झाले जावईबापू."

कागदवाल्याची उधारी फिटली. पाटी राहिली. काही दिवसांनी एक अनोळखी माणूस सायकलवरून उतरला, पाटी वाचली, मग खोलीतल्या एकुलत्या टेबलाकडे पाहून जरा बिचकला.

"पैसे जमा झाल्याशिवाय ट्रेसिंग देत नाहीत ते ऑफिस हेच का?" त्यानं विचारलं. "तुमच्या मामांनी पाठवलंय. म्हणाले, काम नीट करतात, दुरुस्तीही करून देतात."

मी खुर्चीतून उठेपर्यंत आतून उत्तर आलं, "हेच हाय जी. बसा, चहा ठेवते."