सोसायटीची विहीर आणि मायचा चर

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षासाठी सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच प्रत्येकाला एकेक असाइनमेंट वाटली. कुणाला पूल, कुणाला पाण्याची टाकी, कुणाला शाळेची इमारत. माझ्या वाट्याला आलं ते असं: एका गृहनिर्माण सोसायटीच्या छतांवरचं पावसाचं पाणी साठवणं आणि जमिनीत जिरवून विहिरीला देणं, याचं संपूर्ण डिझाइन. वर्गात आम्ही मुली दोनच. दुसरीला पूल मिळाला. मी तणतणत सरांकडं गेले. म्हटलं, ‘‘सर, मलाच का हे खड्डे?’’ सर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘तू राहतेस त्या सोसायटीची विहीर होळीला आटते ना? मग तीच घे. कागदावरचा पूल कुणाच्या बापाच्या कामी येत नाही.’’

सर बोलायला असेच फटकळ होते. पण खरं बोलत.

आमची सोसायटी उस्मानाबादच्या वेशीबाहेर, माळाच्या उताराला. बारा घरं, सगळी नोकरदारांची. मास्तर, तलाठी, एसटीतले, आणि झेडपीत कारकून असलेले आमचे दादा, म्हणजे माझे वडील. कर्ज काढून बांधलेली एकसारखी स्लॅबची घरं आणि मधोमध सगळ्यांनी मिळून खणलेली विहीर. दुष्काळानं सगळ्यांचीच हाडं मोडलेली, त्यामुळं घर बांधायच्या आधी विहीर खणली होती. पण खाली लागला काळा पाषाण. पावसाळ्यात दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, पाणी चढायचं आणि शिमग्याला तळ दिसायचा. मग टँकरमागं पळा, नाहीतर नाक्यावरच्या हापशाला रांग लावा.

त्या साली चेअरमन काकांनी जाहीर करून टाकलं, ‘‘हिचा काय उपयोग न्हाय. पोरंबाळं पडायचं भ्या तेवढं हाय. पुढल्या उन्हाळ्यात पाणी टिकलं न्हाय तर बुजवू आन् वर वाचनालय बांधू.’’ काका तहसीलमधून रिटायर झालेले. त्यांचा शब्द म्हणजे शिक्काच.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या मायनं तेवढी डोलावली नाही. घरी येऊन चुलीपुढं बसली आणि म्हणाली, ‘‘इहीर बुजवायची न्हाय गं. काय बी कर.’’

कारण मला ठाऊक होतं. मायच्या माहेरच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढता यायचं नाही. घागर घेऊन लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. लहानपणी तिची अर्धी सकाळ त्या थांबण्यात जायची. पुढं धम्म घेतला, दादांना नोकरी लागली, सोसायटीत घर झालं. इथं ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर जायची, कठड्याला पोट टेकवून दोर सोडायची. गरज नसली तरी एक घागर जास्तच ओढायची. मला हसू यायचं. म्हणायचे, ‘‘माय, विहीर काय पळून चाललीय?’’ ती म्हणायची, ‘‘मला वडू दे. तुला न्हाय कळायचं.’’

मग काय, टेप घेऊन मी छतांवर चढले. एकाही छतावर धड पाय ठेवायला जागा नव्हती. कुठं मिरच्या, कुठं कुरडया, कुठं गोधड्या. तलाठ्यांच्या बाई खालून ओरडल्या, ‘‘ए इंजिनीअरीणबाई, माझ्या सांडग्यांवर पाय दिलास तर तंगडी मोडीन!’’ मी वरून म्हटलं, ‘‘काकू, तुमच्या छतावरून पाणी पाहिजे, सांडगे नकोत.’’

हिशेब मी पिंपात केला, म्हणजे सगळ्यांना कळेल. वीस बाय तीस फुटांचं एक छत, त्यावर एक इंच पाऊस पडला तर चौदाशे लिटर पाणी. उडून, सुकून जाणारं सोडलं तर हाती अकराशे. म्हणजे दोनशे लिटरची साडेपाच पिंपं. दोन छतांचं पाणी धुण्याभांड्याच्या हौदाला दिलं, उरलेल्या दहा छतांचं विहिरीला. दहा छतं म्हणजे पंचावन्न पिंपं, आणि तीही एका इंचाला! चेअरमन काकांनी चष्मा वर करून कागद पाहिला. म्हणाले, ‘‘येवढं पानी आमी आजवर गटारीत घातलं व्हय?’’ तेव्हा मला लई भारी वाटलं.

पण खड्डा कुठं घ्यायचा हे जमिनीला विचारावं लागतं. हातभर खड्डा घ्यायचा, पाणी ओतून माती आधी भिजू द्यायची, मग पुन्हा भरून अर्ध्या तासात किती उतरतं ते खुणा केलेल्या काठीनं मोजायचं. भर मे महिन्यात, टँकर चार दिवसांनी येत असताना, मी खड्ड्यात पाणी ओतणार! बाया जमा झाल्या. ‘‘डोस्कं फिरलं का हिचं?’’ फाटकाजवळ सोयीची जागा म्हणून तिथं पहिला खड्डा घेतला. ती निघाली काळी माती. फुगून बसली आणि पाणी दिवसभर जसंच्या तसं उभं. दोन बादल्या फुकट गेल्या. मला रडू कोसळायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वरच्या अंगाला, काळी माती काढून पार मुरमापर्यंत खणलं. ओतायला पाणी मागायचं कुणाकडं? माय घरातून निघाली आणि नाक्यावरून आणलेले तीन हंडे एकामागून एक खड्ड्यात ओतले. त्या दिवशी तिनं अंघोळ केली नाही, भांडी राखेनं पुसली. पाणी सरसर उतरलं. मी काठीवरच्या खुणा मोजल्या. मायनं विचारलं, ‘‘गेलं का खाली?’’ म्हटलं, ‘‘गेलं, माय.’’ म्हणाली, ‘‘मग ते माघारी येतंय बघ.’’

जून उजाडायच्या आत सगळ्यांनी श्रमदान करून खड्डा बांधला. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. छताचं पाणी वरून पडणार, वाळूत गाळ अडणार, काही मुरमात जिरणार, आणि उरलेलं दगडांच्या थरातून नळीनं विहिरीत. छतं धुऊन निघावीत म्हणून पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला प्रत्येक पाइपाला एक बूच. मी तर पुढारी झाल्यासारखी घरोघरी भाषण देत फिरले: ‘‘एक थेंब वाया घालवायचा नाही! सगळं पाणी खड्ड्यात गेलं पाहिजे!’’ काका म्हणायचे, ‘‘हिला आमदारकीला उभी करा रे.’’

पाऊस झाला. विहिरीचं पाणी कधी नव्हे ते तीन परसांवर गेलं. सर येऊन बघून गेले, काठाशी उभं राहून नुसतं ‘हं’ म्हणाले. सरांचा ‘हं’ म्हणजे शाबासकीच.

आणि मग भाद्रपदात पाण्याला वास यायला लागला. घागर उपसली की वर फेस. मास्तरांच्या घरी लेकरांची पोटं बिघडली. चेअरमन काकांनी विहिरीवर माणसं गोळा केली. ‘‘बघा, पोरीचं ऐकून काय झालं! आता बुजवाच.’’

माझं डोकं सटकलं. फावडं घेऊन खड्ड्याशी गेले. आठ दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता आणि वाळू मात्र ओलीचिंब, वर बुळबुळीत थर. म्हणजे कुणीतरी रोज पाणी सोडत होतं. सगळ्यांसमोर मी ओरडले, ‘‘कुणाची अक्कल ही? आता दाखवतेच!’’ आणि कडेची माती उकरत सुटले. हातभर रुंदीचा चर निघाला, वर फरशीचे तुकडे नीट झाकलेले. मी उकरत गेले, माणसं मागं मागं आली. चर तलाठ्यांच्या घरावरून पुढं गेला, मास्तरांच्या घरावरून पुढं गेला, आणि आमच्या मोरीपाशी थांबला.

माय दारात उभी होती, हातात विहिरीचा दोर आणि कडेवर घागर. पाण्यालाच निघाली होती.

म्हणाली, ‘‘म्याच काढला. मोरीचं पाणी लिंबाला पुरून उरत हुतं. रोज वाया जायाचं. तूच म्हनलीस ना, एक थेंब वाया घालवायचा न्हाय? आन् वाळू पाणी गाळती म्हनलीस.’’

वाळू गाळ अडवते, साबण नाही, हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. मोरीचं पाणी कुठं जातं हे माझ्या नकाशात नव्हतंच. चूक माझीच होती. पण सगळे बघत होते, काका बघत होते, आणि माझी लाज माझ्या जिभेवर चढली. मी ओरडले, ‘‘तू घाण केलीस सगळी! आता विहिरीला हात लावू नकोस. लांब हो तिथून!’’

मायनं दोर खाली ठेवला आणि चार पावलं मागं सरकून उभी राहिली, घागर तशीच कडेवर घेऊन. जमिनीकडं बघत. इतक्या सवयीनं सरकली ती, की कुणी शिकवावं लागलं नाही.

तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. खरं सांगते, थोबाडीत कुणी मारली असती तर बरं झालं असतं.

चर त्याच दिवशी मी स्वतःच्या हातानं बुजवला. मोरीच्या पाण्यासाठी उताराला, विहिरीपासून पन्नास-साठ फुटांवर वेगळा शोषखड्डा घेतला, बाराही घरांसाठी, भोवती कर्दळ लावून. वाळू काढून नवी भरली. कुणाचं तरी इंजिन आणून विहीर उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली, पुन्हा उपसली. काकांना एवढंच म्हटलं, ‘‘चूक डिझाइनची आहे, मायची नाही. मला एक होळी द्या.’’ काका म्हणाले, ‘‘दिली.’’ असाइनमेंटमध्येही मी ते लिहिलं: सांडपाण्याचा विचार करायचा राहिला, दोष आराखडा करणारीचा. सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. मार्क मात्र कापले नाहीत.

माय तेवढे दिवस नाक्यावरच्या हापशावरूनच पाणी आणत होती. मी माफी मागितली की म्हणायची, ‘‘तुजं बराबर हुतं गं. पानी घान झालं हुतंच की.’’ मला ते ऐकवत नसे.

परतीचा पाऊस झाला. पाणी नितळलं, काकांनी स्वतः ओंजळभर पिऊन पाहिलं. मी घरी पळत गेले, मायचा हात धरून तिला ओढत आणलं. तरी कठड्याच्या चार पावलं अलीकडं तिचे पाय थांबले. मी घाईघाईनं बादली सोडली, भरून ओढली आणि तिच्या घागरीत ओतायला वाकले.

तिनं घागरीच्या तोंडावर हात आडवा धरला.

‘‘मला वरून वतू नगं,’’ म्हणाली. ‘‘दोर दे.’’

मी दोर दिला. ती चार पावलं पुढं आली, कठड्याला पोट टेकवलं आणि बादली खाली सोडली. पुढं होळीला विहिरीत परसभर पाणी होतं. वैशाखात टँकर मागवावाच लागला, पण विहीर कुणी बुजवली नाही. दोर हाती घेतला त्या दिवशी मात्र माय लागोपाठ चार घागरी ओढत राहिली आणि मी बाजूला उभी राहून रडत होते.