राणीमागचा एक्का

आमच्या इतवारा मोहल्ल्यात कुठे लोबान जळला की मला ती दुपार आठवते. राज्यांची नव्याने मांडणी झाली त्या वर्षी ताईला जळगावचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला होता, पण आमचं गाव सीमेच्या अलीकडे राहिलं आणि जळगाव पलीकडच्या राज्यात, म्हणून आई कचरली आणि तिने पत्त्यांवरून भविष्य पाहणाऱ्या शेजारच्या मावशींना बोलावलं. मावशींनी गड्डीला लोबानचा धूर दिला, गुलाबपाण्यात बोटं बुडवली, पत्ते पिसले, ताईकडून कापून घेतले आणि एकेक पान उलटून एकावर एक ठेवू लागल्या. बदामची राणी म्हणजे ताई, तिच्यामागचं पान म्हणजे उत्तर. इस्पिकचा एक्का निघाला, म्हणजे अपशकुन, सरळ नकार. “एक बार अजून पाहा ना, मावशी,” ताई म्हणाली. पुन्हा धूर, ओली बोटं, पिसणं, कापणं, पुन्हा एक्काच. तिसऱ्यांदाही तोच. धुरात आईचा चेहरा मात्र निवळला. तिने लगेच नकाराचं पत्र धाडलं. नंतर गड्डी आवरताना मला दिसलं, राणी आणि एक्का गुलाबपाण्याच्या ओलीने हलके चिकटले होते, ओढलं की सुटत. पहिल्यांदा तो योगायोग असेल, पण पुढे कितीही पिसलं तरी ती जोडी एकत्रच फिरली, आणि कापण्याने तर फक्त वरचा गठ्ठा खाली जातो. मी आईला दाखवलं. “गप बस, पत्र गेलं,” ती म्हणाली. ताईने पुढे लग्नच केलं नाही, आणि तिला मी हे आजवर सांगितलेलं नाही.