सात कॅलरीची चिठ्ठी

डोमाजी चौधरी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला तेव्हा पॅनेल खोलीतली भिंत अजून ओली होती. १९९६ साली ट्रान्सफॉर्मर आला, मुख्य स्विचबोर्ड उभा राहिला आणि उभं करणाऱ्या कंपनीच्या माणसानं दाराच्या आत एक तक्ता चिकटवला. कोणत्या ब्रेकरची कोणती डायल कितीवर, म्हणजे किती करंटला तो वीज तोडेल, ते त्यावर टाइप केलेलं होतं. बारा वर्षांत तो पिवळा पडला, पण निघाला नाही. गिरणीत येणारा प्रत्येक साहेब आधी त्याच्याकडे बघायचा आणि खात्री पटल्यासारखी मान हलवायचा.

२००८ मध्ये परदेशी गिऱ्हाइकानं पत्र पाठवलं : सूत हवं असेल तर स्विचबोर्डचा आर्क फ्लॅश अभ्यास, म्हणजे आत भडका उडाला तर तो किती जाळेल याचा हिशेब, दाखवा. नागपूरहून पियुष नावाचा इंजिनिअर आला. पंचविशीचा, लॅपटॉप छातीशी धरून चालणारा. तीन दिवस तो मोजमापं घेत होता आणि डोमाजी त्याच्यामागं टॉर्च धरून उभा होता. ट्रान्सफॉर्मरची पाटी, केबलची लांबी, बसबारमधलं, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांमधलं अंतर, सगळं पियुषनं लिहून घेतलं. ब्रेकरच्या डायलींचे आकडे मात्र तक्त्यावरून उतरवले. ब्रेकरचं झाकण उघडून पाहायला त्याला कोणी सांगितलं नाही आणि डोमाजीही तेव्हा गप्प राहिला.

महिन्याभरानं बोर्डावर पिवळी लेबलं लागली. दोन फुटांवर सात कॅलरी, दर चौरस सेंटिमीटरला. धोक्याची हद्द दोन मीटर. आठ कॅलरी झेलणारा आगरोधक सूट घालून काम करता येईल.

"काका, आत स्पार्क पडला की हवाच पेटते," पियुषनं डोमाजीला समजावलं. "ती किती जाळेल ते दोनच गोष्टी ठरवतात, करंट किती आणि ब्रेकर किती वेळात तोडतो. सव्वा कॅलरीला कातडीवर फोड येतात. इथं मुख्य ब्रेकर दोन दशांश सेकंदात तोडतो, म्हणून सात."

"आन् नाई तोडलं तं?"

"काऊन नाही तोडणार? डायल चारवर आहे. म्हणजे दहा हजार अँपिअर. ठिणगीचा करंट पंधरा हजारांवर जातो. लगेच सुटेल."

डोमाजीनं ब्रेकरच्या बंद झाकणाकडं पाहिलं. डायल चारवर नव्हती. २००३ मध्ये एकाच महिन्यात दोनदा कुठल्या तरी फीडरवर, म्हणजे बोर्डातून एकेका खात्याला जाणाऱ्या लाइनवर, शॉर्ट झाला आणि दोन्ही वेळा मुख्य ब्रेकरच पडून अख्खी गिरणी अंधारली. हजारो चात्यांवरचे धागे तुटले. प्लांट मॅनेजर प्रभाकरराव पॅनेल खोलीत येऊन ओरडले होते, "हे डायल फिरव! फीडर पडो, मेन पडू नाही!" डोमाजीनं पेचकसानं डायल दहावर नेली. म्हणजे पंचवीस हजार. त्यानंतर मेन कधी पडला नाही. साहेब खूश, डोमाजी खूश. कागदावर एक ओळही नाही.

पंधरा हजारांची आग पंचवीस हजारांवर जागा होणारा ब्रेकर कशी बघेल, हे कळायला डोमाजीला लॅपटॉप लागला नाही.

आता बोलावं तर डायल त्याच्या हातानं फिरलेली. न बोलावं तर शनिवारी हवेत ओलावा राखणाऱ्या ह्युमिडिफिकेशन प्लांटच्या फीडरचा तापणारा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा सांधा, चालू बोर्डावर कसायचा होता, आणि कामाच्या परमिटवर नाव त्याचंच होतं. नवा निळा सूट टेबलावर घडी घालून ठेवला होता.

तीन दिवस त्यानं डबा अर्धाच संपवला. बायकोनं, आनंदाबाईनं, विचारलं, "भाजी नाई जमली काय?"

"भाजीले काय झालं? मले काय झालं ते मलेच समजून नाई राह्यलं."

चौथ्या दिवशी तो ऑफिसात गेला. पियुष तिथंच बसला होता.

"सायेब, बोर्डावरची चिठ्ठी खोटी हाय. डायल दहावर हाय."

प्रभाकररावांनी चष्मा काढला. "कोणं केलं?"

"म्याच. तुमीच सांगतलं होतं, दोन हजार तीन सालात."

"मी? लेखी दाखव."

"तुमी कवा लेखी देता?"

"म्हणजे तुझी मर्जी चालली का डायलीवर?" प्रभाकरराव चिडले. "गिऱ्हाइकाचं ऑडिट परवा आहे आणि आज आठवलं तुले?"

पियुष उठून पॅनेल खोलीत गेला आणि ब्रेकरचं झाकण उघडून आला. "खरं आहे, सर. मीच बघायला पाहिजे होतं." त्यानं लॅपटॉपवर आकडा बदलला. ब्रेकरची फास्ट ट्रिप, म्हणजे झटक्यात तोडणारी, आता आग बघतच नव्हती; उरली ओव्हरलोडवाली, ती कैक सेकंद घेणार. एवढा वेळ माणूस तिथं थांबत नाही असं धरून हिशेब दोन सेकंदांवर थांबवतात. तरी एकोणसत्तर कॅलरी आली. हद्द साडेनऊ मीटर.

"खोलीच सहा मीटरची हाय," डोमाजी म्हणाला.

"म्हणून चालू बोर्डावर काम नाहीच, काका. चाळीस कॅलरीच्या वर सूटचा भरवसा धरत नाहीत." पियुष प्रभाकररावांकडे वळला. "सर, डायल खाली आणू. फीडरच्या ब्रेकरची सेटिंग नीट जुळवली तर मेन उगाच पडणार नाही. आठवडा द्या."

"ऑडिटनंतर पाहू. सध्या लेबल बदला. आणि डोमाजी, तुले मेमो."

मेमोत लिहिलं होतं : विनापरवानगी सेटिंगमध्ये बदल. डोमाजीनं सही केली.

नवी लाल लेबलं लागली, इंग्रजीत. पियुषनं मराठीतली एक ओळ आग्रहानं खाली छापून घेतली : चालू स्थितीत काम करू नये. त्या ओळीमुळंच गिरणीत डोमाजीचं नाव निघालं, पण चांगल्या अर्थानं नव्हे. लग कसायला मेन बंद करायचा, म्हणजे गिरणी बंद. स्पिनिंगचा सुपरवायझर ओमप्रकाश दारात येऊन म्हणाला, "काय डोमाजी, पयले तं लुंगीवर उघडत होतास पॅनेल. आता म्हातारपणी जीव लाडका झाला?"

"पयले मले माहीत नोतं."

"अन् आता माहीत झाल्यावर काय, आमची प्रोडक्शन तू देशील?"

शनिवारी दुपारी बाहेरच्या यार्डातून हायटेन्शन लाइन बंद झाली; डोमाजीनं तिथल्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग त्यानं टेस्टर आधी जनरेटरवरच्या चालू सॉकेटवर तपासला, दार उघडून बोर्डाच्या तिन्ही फेजवर लावला, मग परत सॉकेटवर. बोर्ड मेला होता. त्यानं अर्थिंग जोडलं आणि मगच कामाला हात घातला. लग काळा पडला होता, बदलावाच लागणार होता; नट गंजून बसला होता. त्यानं पाना लावून सगळा जोर टाकला.

नट अचानक सुटला. पाना हातातून निसटला, दोन बसबारवर आडवा पडला, तिथून खाली कोसळला. टणकन आवाज झाला. बोर्ड मेला होता, म्हणून एवढंच झालं.

डोमाजी हात तसाच धरून उभा राहिला. मग त्यानं वाकून पाना उचलला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सांगितलं असतं तरी न घडलेल्या गोष्टीसाठी मेमो कोण मागं घेतो?

"झालं का रे?" बाहेरून ओमप्रकाश ओरडला. "सतरा मिनटं झाले!"

"अजून लागतीन," डोमाजी म्हणाला आणि नवा लग बसवायला घेतला.