सुट्टीत दमलेली तेजी

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिला. त्यामुळं मी जे शिकतो ते खरंच असणार, अशी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, समजूत आहे. माझी तेवढी खात्री नसते.

लातूरला बी.कॉम.च्या प्रकल्पासाठी मी भावाचा कल सांगणारा अरून इंडिकेटर हा विषय घेतला. त्यात भाव किती वाढला हे बघतच नाहीत. गेल्या पंचवीस दिवसांतला उच्चांक होऊन किती दिवस झाले, तेवढंच मोजतात. उच्चांक आजचा असेल तर वरची रेघ शंभरावर, आणि तो शिळा होईल तशी ती उतरते. नीचांकासाठी अशीच खालची रेघ. वरची पन्नासाच्या खाली आली की तेजी दमली समजायचं.

मी मार्केट यार्डातले सोयाबीनचे भाव घेतले. आमचंही सोयाबीन मुरुडजवळ घरी थप्पी लावून होतं. पहिल्यांदाच अण्णांनी मला विचारलं, "इकावं का थांबावं? तुझी रेघ काय म्हनती?"

दिवाळीत यार्ड सहा दिवस बंद होतं. तक्त्यात रिकामे रकाने बरे दिसत नाहीत म्हणून मी तिथं आदल्या दिवसाचाच भाव भरला. दिवाळीआधी उच्चांकाला आठ दिवस झाले होते, रेघ अडुसष्टावर होती. सुट्टी संपेपर्यंत ती चव्वेचाळिसावर आली. मी अण्णांना म्हणालो, "तेजी दमलीय. यार्ड उघडलं की विका."

यार्ड उघडायच्या दिवशी सकाळी प्रकल्पाच्या सरांना तक्ता पाठवला. त्यांचा एका ओळीचा प्रश्न आला: "बंद बाजारात उच्चांक शिळा कसा होतो?"

बाजार बंद, म्हणजे ते दिवस मोजायचेच नव्हते. एका पोत्याचाही सौदा न होता मी तेजीला दमवलं होतं.

लगेच फोन लावला. "अण्णा, चुकलं माझं. विकू नका."

"टेम्पो यार्डात हाय. भाव बी चढलाय, दिवाळीआधीच्या सगळ्यात वरच्या भावापेक्षा जास्त."

म्हणजे नवा उच्चांक. रेघ पुन्हा शंभरावर. "मग तर थांबाच," मी म्हणालो.

"काल इका, आता थांबा. टेम्पोवाल्याला काय सांगू, रेघ हालली म्हनून?"

त्यांनी विकलं. दुसऱ्या दिवसापासून भाव उतरत गेला, तो चढलाच नाही.

सरांनी दुरुस्त प्रकल्पाला चांगले गुण दिले. त्यात मी नियमाप्रमाणं लिहिलंय: विकू नये, नवी तेजी सुरू होत आहे.

अण्णा मात्र गावभर सांगतात, पोराच्या रेघेनं भाव गाठून दिला. ती रेघ चुकीची होती, हे मी तीनदा समजावलं. ते ऐकून घेतात आणि पुन्हा तेच सांगतात.

परवा तुरीचा विषय निघाला. मी म्हणालो, या वेळी अगदी बरोबर मोजतो.

"बरोबर मोज की," अण्णा म्हणाले. "पन त्या सुट्ट्या तेवढ्या मोजनीत राहू दे."