धोंडुबाईंचं घड्याळ

पेणजवळच्या जोहे गावात गणपती रंगवणाऱ्या धोंडुबाईंना मुलीने, मृणालीने, स्मार्टवॉच दिलं होतं. आपल्या मोबाइलवर आईची पावलं कमी दिसली की तिचा पुण्याहून फोन यायचा, "आई, ऊठ, चाल!" दोन वर्षांनी मात्र चार दिवस चालणारं चार्जिंग दुपारीच संपू लागलं आणि धोंडुबाईंना आडवं पडायला निमित्त मिळालं.

घड्याळाचं मागचं झाकण आपोआप वर आलं, तेव्हा त्या पेणला रूबेनच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

"बॅटरी फुगलीय, मावशी. आता घालायचं नाय, चार्जिंगलाही लावायचं नाय. नवी बॅटरी बसवतो, पण मग पाण्यात नेऊ नका. नायतर घड्याळच नवं घ्या."

"दुपारपर्यंतच चालंल अशी बॅटरी नाय का?"

रूबेनने हसत नवी बसवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मृणाली फोनवर ओरडली, "आई, चौदा हजार पावलं!"

"व्हय गो," धोंडुबाई आडव्या पडूनच म्हणाल्या. दिवसभर घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर शेतात फिरलं होतं.