मानाची पत्रिका

पमाक्का मिरजेला धाकट्या भावाकडे आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. नवरा गेला, जतच्या घरी दीर-जावांनी वर्षभर तिला कसंबसं सांभाळलं आणि मग दिनकर जाऊन तिला ट्रंकेसकट घेऊन आला. स्टँडवर रिक्षावाल्याला त्यानं 'आमचं घर ब्राह्मणपुरीत' असं सांगितलं आणि बसल्यावर तिच्याकडे वळून म्हणाला, "आपल्या दारात आता लिंबाचं झाड लावलंय, बघशील." आमचं ते रिक्षावाल्याला, आपलं ते तिला. पमाक्काला तेव्हा तेवढं पुरलं होतं.

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. दिनकरची बायको शैला हसतमुख होती, कुणाशी भांडायची नाही. तिचं बोलणं ऐकता ऐकता पमाक्काचा कान तयार झाला. "आक्का, आपण सांडगे घालून घेऊ या," असं शैला म्हणाली की सांडगे पमाक्कानं घालायचे आणि शैलानं अधूनमधून गच्चीत डोकावून "झाले का?" विचारायचं. "आपण या वर्षी पडदे धुवायचेत हं," म्हणजे पमाक्कानं बादलीत सोडा टाकायचा. आणि "आम्ही जरा नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो," म्हणजे चौघांची गाडी भरली आहे, कुकर चार शिट्ट्यांनी बंद करायचा. भाचा सौरभ तर "आपल्याला नाही जमत असलं," म्हणायचा, त्यात तो एकटाच असायचा. त्याचं तिला काही वाटत नसे.

तिला मोजलं जायचं ते दुसऱ्या कुणाला सांगताना. शैला दूधवाल्याला म्हणायची, "आम्ही पाच माणसं, अर्धा लिटरनं काय होतंय?" त्या आम्हीत पमाक्का होती. ती आत भांडी विसळता विसळता ते ऐकायची आणि तिचा हात क्षणभर थांबायचा.

भाची केतकीचं लग्न ठरलं तेव्हा व्याही मंडळी सांगलीहून घर बघायला आली. पमाक्का पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, तेव्हा शैला विहिणीला सांगत होती, "आमचं कुटुंब छोटंसंच. आम्ही चौघं."

विहिणीनं बशी घेतली आणि विचारलं, "आणि या?"

"या आमच्या आक्का. यांच्या बहीण. इकडेच असतात."

"असतात," पमाक्का मनात म्हणाली. तिनं लिंबाची फोड पुढे केली.

पत्रिका छापून आल्यावर शैलानं गठ्ठे तिच्यापुढे ठेवले. "आक्का, तुमचं अक्षर वळणदार. आपण लिफाफ्यांवर नावं टाकून घेऊ." चार दिवस पमाक्का चष्मा लावून ओट्यावर बसली. मान दुखली की लिंबाकडे बघायची आणि पुन्हा लिहायची. पत्रिका मात्र तिनं उघडली ती दुसऱ्या दिवशी, सहज. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी सुरुवात होती, शेवटी 'आपण अगत्य येण्याचे करावे' आणि खाली निमंत्रकांत दिनकर, शैला, सौरभ. आपल्याला तोडून टाकणाऱ्या जतच्या दिरांनी त्यांच्या मुलाच्या लग्नात वाटलेली पत्रिका तिला आठवली. त्यात तिचं नाव होतं, शेवटच्या ओळीत.

तिसऱ्या दिवशी यादीच्या शेवटच्या पानावर, शैलाच्या अक्षरात, एकशे बहात्तर नंबरला तिला स्वतःचं नाव दिसलं. श्रीमती प्रमिला गजानन जोशी.

तिनं लिफाफा घेतला, नाव घातलं आणि मग पेन थांबलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. शैला फोनवर हळदीच्या साड्यांचं बोलत होती, ते संपेपर्यंत ती दारात उभी राहिली.

"शैला, हे माझं नाव आहे यादीत. पत्ता काय घालू?"

शैलानं लिफाफा बघितला. "अहो, पत्ता कशाला, हातातच द्यायचीय. आत्येचा मान असतो ना. मानाची पत्रिका."

"घरच्यांना कोण पत्रिका देतं?"

"आक्का, तुम्ही पण ना. तुम्हाला पत्रिका दिली नाही तर लोक आम्हालाच बोलतील. बहिणीला बोलावलं नाही म्हणतील." शैला हसली. "आपण काय, नुसती रीत पाळायची."

पमाक्कानं तेही ऐकून ठेवलं. बोलावणं बाहेरच्याला करतात. कुंकवाचं बोट लिफाफ्याला लावून, दारापर्यंत जाऊन. केतकीच्या बारशाला, सौरभच्या मुंजीला दिनकरला कुणी बोलावलं नव्हतं, तो घरचाच होता.

संध्याकाळी दिनकर आणि शैला दोघं तिच्यासमोर आले. ती शेंगा निवडत होती. शैलानं तिला उठवून पाटावर बसवलं, तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. लहानपणी तिच्याच पाठीवर बसून शाळेत गेलेला दिनकर घसा खाकरून म्हणाला, "आमच्या केतकीचं कार्य आहे. आपण यायचं."

उभ्या जन्मात त्यानं तिला तू सोडून काही म्हटलं नव्हतं. आता त्याच्या त्या आपणमध्ये तो नव्हताच, ती एकटीच होती, समोर बसलेली. जावयाला, मास्तरांना म्हणतात तसं. तिनं पत्रिका कपाळाला लावली.

"येईन," ती म्हणाली. "कार्यालय कुठं आहे?"

"आक्का, थट्टा काय करतेस," दिनकर म्हणाला. पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं नजर खाली घातली आणि शेंगांच्या सुपाकडे बघत राहिला.

त्यानंतरचे आठ दिवस पमाक्कानं सगळं केलं. रुखवताचे लाडू बांधले, देवघर पुसलं, आलेल्या पाहुण्यांना अंथरुणं दिली. बोलली मात्र कमी. पाय संध्याकाळी सुजायचे, मीठपाण्यात ठेवून ती डोळे मिटून बसायची.

लग्नाच्या दिवशी पहाटे घरात गडबड उडाली. शैला नऊवारीत घाईघाईनं आत आली. "आक्का, आम्ही पुढे होतो. आपण विड्याची पानं पुसून, नारळ घेऊन रिक्षानं या मागून. दोन खेपा होतील."

"मी नऊला येते," पमाक्का म्हणाली.

"नऊला? मुहूर्त दहाचा आहे."

"पत्रिकेत पाहुण्यांचं स्वागत नऊचं लिहिलंय. बोलावलेली माणसं नऊलाच येतात, शैला. नारळ तुम्ही घेऊन जा."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शैलानं नारळाची पिशवी स्वतःच उचलली, एक नारळ निसटून गडगडत कपाटाखाली गेला, तो तसाच राहिला.

घर रिकामं झालं. पमाक्का परत अंथरुणावर पडली. आपण रुसलोय असं तिला वाटेना. राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो. ती झोपली.

तिला जाग आली ती दार वाजलं म्हणून. दिनकर उभा होता, धोतर पायात अडकत होतं, कपाळावर घाम होता.

"देवघराच्या कपाटाची किल्ली," तो म्हणाला. "पूजेची तांब्याची भांडी आत राहिली. किल्ली कुठं असते कुणालाच माहीत नाही."

पमाक्कानं उशाखालून किल्ली काढली, कपाट उघडलं, भांडी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. तो गेला नाही. तिच्या खाटेच्या कडेला टेकला, गाठोडं मांडीवर घेऊन.

"गुरुजी विचारतायत, मुलीची आत्या कुठाय. मी सांगितलं, येतेय." मग म्हणाला, "ते पत्रिकेचं माझ्या लक्षात आलं नाही गं तेव्हा."

"आलं होतं," पमाक्का म्हणाली. "लक्षात येऊन गप्प बसलास. नेहमीसारखा."

ती उठली, तोंडावर पाणी मारलं, ट्रंकेतली हिरवी साडी काढली, निऱ्या धरता धरता दोनदा खाली बसली. पाय अजून दुखत होते. दिनकर दाराबाहेर उभा राहून घड्याळ बघत होता, पण त्यानं घाई केली नाही.

"चल," तो म्हणाला, "उशीर होतोय आपल्याला."

यातल्या आपल्याला कोण कोण, ते पमाक्कानं विचारलं नाही. तिनं कडी लावली आणि पूजेचं गाठोडं त्याच्याकडेच राहू दिलं.