मूळ पगार आणि माझी हुशारी

रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात मी एक्स-रे काढतो. शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळवले होते. ते कर्मचाऱ्यांना मी विनाकारण इतक्यांदा सांगितलं होतं, की पगाराचा प्रश्न आला की सगळे माझ्याकडेच वळायचे. मीही आनंदाने मान ताठ करायचो.

काही वर्षांपूर्वी पगारवाढीची बोलणी झाली. व्यवस्थापनाने दोन पर्याय ठेवले. एक तर सगळ्यांचा मूळ पगार दोन हजारांनी वाढेल. नाहीतर मूळ पगार आहे तेवढाच राहील आणि भत्ते वाढतील: रात्रपाळीचा भत्ता दर रात्री दोनशेचा पाचशे, आणि माझ्यासारख्या ऑन-कॉलवाल्यांना घरी थांबण्याचे रात्रीला तीनशेऐवजी पाचशे, शिवाय बोलावणं आलं तर त्याचे वेगळे. अट एकच होती, की निवड एकमताने व्हावी. एकाचीही सही राहिली, तर दोन्ही पर्याय पुढच्या वर्षावर.

मी कागद-पेन घेऊन कँटीनमध्ये बसलो. महिन्याला दहा रात्रपाळ्या धरल्या तर भत्त्याची वाढ तीन हजार. मूळ पगारातली वाढ दोन हजार, त्यातून बारा टक्के पीएफ कापला की हातात सतराशे साठ. रात्रींप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या आमच्या भत्त्याला पीएफ लागत नाही, म्हणजे तीन हजार अख्खे. मालकालाही तितकाच पीएफ भरावा लागतो आणि तोही आपलाच असतो, हे मी सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. घरखर्च वाढला होता आणि माझी नजर फक्त हातात येणाऱ्या पैशांवर होती. त्यातून घर रुग्णालयासमोरच, म्हणजे झोपून कमाई. कानाला खडा लावावा असं शहाणपण मी त्या दिवशी टेबल वाजवून पाजळलं.

सगळ्यांनी सह्या केल्या. राहिल्या फक्त वॉर्डमधल्या सर्वांत जुन्या सिस्टर. देवरूखजवळच्या. त्यांनी कागद दोन दिवस पर्समध्ये ठेवला. मी दोनदा जाऊन माझं गणित पुन्हा समजावलं, तेही पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. माझ्या समजावण्याच्या कलेवर मी खूश झालो.

दीड वर्षाने सिस्टरचे गुडघे गेले. डॉक्टरांनी रात्रपाळी बंद करून दिवसाची ड्युटी लिहून दिली. रात्र नाही तर भत्ता नाही. त्यांच्या पगारपत्रकातली ती ओळच रिकामी झाली, आणि उरला फक्त मूळ पगार. मी मात्र झोपून कमावत होतो. वाईट वाटलं, पण मनाशी म्हटलं, तब्येतीपुढे कुणाचं चालतं?

मग त्यांची निवृत्ती आली. गावच्या घरात न्हाणीघर मागीलदारी, चार पायऱ्या उतरून. गुडघ्यांमुळे त्यांना आता ते घरातच, खालच्या मजल्यावर करायचं होतं. गवंड्याने तीन लाखांचा अंदाज दिला होता. हा खर्च ग्रॅच्युइटीतून होणार होता. हिशोबनीस कागद देऊन गेला आणि सिस्टरनी तो माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, बघ, बरोबर आहे का.

नियम सोपा. शेवटचा मूळ पगार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. आमच्याकडे महागाई भत्ता वेगळा नव्हता. रात्रीचे भत्ते यात धरत नाहीत, मग रात्री कितीही जागवल्या असोत. त्यांची नोकरी बरोबर सव्वीस वर्षांची, म्हणजे सव्वीसला सव्वीस जाऊन उरले पंधरा. मूळ पगार अठरा हजार. झाले दोन लाख सत्तर हजार.

पेन थांबलं नाही, थांबायला हवं होतं. तेव्हा मूळ पगारातली वाढ घेतली असती तर तो वीस हजार असता; वीस हजार गुणिले पंधरा मी कोपऱ्यात मांडलं. बरोबर तीन लाख. कँटीनमधल्या माझ्या हुशारीची किंमत तीस हजार, आणि ती फेडत होत्या सिस्टर.

मी म्हटलं, "सिस्टर, माझ्यामुळे झालं हे. तेव्हा हे माझ्या लक्षातच आलं नाही."

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "माझ्या आलं होतं. आकडा दोन दिवस घरी मांडून बघितला होता मी."

"मग सही का केलीत?"

"जल्लं ते गणित. तुझी पोर तेव्हा तीन महिन्यांची होती. मी अडून राहिले असते तर तिचं दूध-औषध कोण भागवणार होतं रे?"